भट्टीत कागद

कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की बेकरीवाल्याचा हात आपोआप गोड बनकडे जायचा. ताप असो, परीक्षा असो, नाहीतर सासूशी भांडण, त्याचं औषध एकच. त्याचा शाळेपासूनचा मित्र बस चालवायचा. गेली वीस वर्षं पहाटे पाचला ड्युटीवर जाताना तो बेकरीच्या खिडकीशी थांबायचा आणि बेकरीवाला त्याच्या हातात दोन बन ठेवायचा. पैसे कधी घेतले नाहीत. भाऊच तो, भावाकडून कसले पैसे घ्यायचे?

सुट्टीच्या दिवशी दोघं टेकडी चढायला निघाले तेव्हाही पाठीवरच्या पिशवीत बनच होते. ड्रायव्हर सकाळपासून उपाशी होता. पोट सुटलंय म्हणाला. बेकरीवाल्याने त्यावर भरपूर चेष्टा करून घेतली.

अर्ध्या वाटेवर ड्रायव्हर दगडावर बसला. घामाने निथळत होता आणि बोटं थरथरत होती.

"काय रे, म्हातारा झालास?"

"गप बस!" तो असा खेकसला, की बेकरीवाला चपापलाच. या माणसाने उभ्या जन्मात त्याच्यावर आवाज चढवला नव्हता.

दोन बन पोटात गेले आणि थोड्या वेळाने गडी हसायला लागला. बेकरीवाल्याची छाती फुगली. "बघ! माझा बन म्हणजे संजीवनी!" तासाभराने मात्र माथ्याच्या अलीकडे ड्रायव्हर पुन्हा मटकन खाली बसला. या वेळी त्याला नीट बोलताही येईना.

माथ्यावरच्या बांधकामासाठी सिमेंट वाहणारी एक बाई मागून येत होती. तिने गोणी उतरवली, त्याचं कपाळ चाचपलं. कपाळ गार पडलं होतं. "गोळ्या घेतो का हा? साखरेच्या?"

"छे हो! ह्याला कसली साखर?" म्हणत बेकरीवाल्याने रुमालासाठी मित्राच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांची पट्टी बाहेर आली.

"माझा नवरा असाच पडायचा," बाई म्हणाली. "गिळता येतंय ना रे बाबा? मग हे पी." तिने डब्याच्या पिशवीतून चहासाठी आणलेली साखर काढली आणि पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे ढवळून त्याला पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी ड्रायव्हर भानावर आला. बेकरीवाला लगेच उरलेला बन पुढे करू लागला, तशी बाईने त्याचा हात बाजूला सारला.

"धंदा काय तुमचा?"

"बेकरी. लाकडाची भट्टी आहे."

"भट्टी कागदावर चालवता?"

"कागद भडकन पेटतो, भडकन विझतो. पेटवायला ठीक. धग धरायला लाकूडच..." त्याने हातातल्या बनकडे पाहिलं.

"मग? साखर पडलेल्याला उठवते, चालवत नाही. गोळी दिवसभर रक्तातली साखर उतरवत राहते." तिने डबा उघडला. उकडलेले हरभरे, दोन अंडी, कोंड्यासकट पिठाची जाड पोळी. "हे हळूहळू जळतं. एवढ्यावर मी दुपारपर्यंत गोणी वाहते. पण नुसत्या खाण्याने भागायचं नाही हं, गोळीचं डॉक्टरलाच विचारा."

मूठभर हरभरे ड्रायव्हरच्या हातात ठेवून ती गेली. ड्रायव्हर खाली मान घालून हरभरे चावत राहिला.

"किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"वहिनीला ठाऊक आहे?"

"नाही."

"आणि डेपोत?"

"वेड लागलंय का? गाडीवरून उतरवतील." मग तो अगदी हळू म्हणाला, "परवा घाटात हात थरथरले. चाळीस माणसं होती."

बेकरीवाल्याला रडूच आलं. रोज पहाटे गोळी आणि त्यावर नुसता आपला बन! आपल्या हाताने आपण याला घाटात पाठवत होतो.

"उद्या सांग. तू नाही सांगितलंस तर मी डेपोत जाईन."

"माझ्या पोटावर पाय देशील?"

"देईन."

उतरताना ड्रायव्हर दहा पावलं पुढेच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले तरी खिडकीशी कुणी आलं नाही. पहिली बस आली. स्टिअरिंगवर कुणी भलताच होता. बेकरीवाल्याला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. बस थांबली. प्रवाशांतून ड्रायव्हर उतरला, साध्या कपड्यांत.

"रात्री डेपोच्या साहेबांच्या घरी जाऊन आलो. डॉक्टर लिहून देईपर्यंत गाडी नाही, टेबलाचं काम. पुढचं देव जाणे. बायको रात्रभर बोलली नाही. झालं तुझं समाधान?"

बेकरीवाल्याने पुडकं पुढे केलं. हरभरे, अंडी, जाड पोळी. ड्रायव्हरने ते घेतलं.

"मीठ घातलंस का?"

"घातलंय."

तो वळला आणि बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसला.