थांबा, सहा सेकंद

निशिगंधा साळवी बाईंनी सव्वीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलं. वर्गात फेऱ्या मारत, एकेक शब्द तोडून, शेवटच्या बाकावरच्या पोराची पेन्सिल पोचेपर्यंत त्या थांबायच्या. त्यांच्या स्पष्ट उच्चारांचा शाळेत दबदबा होता. निवृत्त झाल्यावर इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांत बसून भिंती बघायचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणून आत्माराम शिर्के विचारायला आले तेव्हा त्यांनी दुसऱ्या मिनिटाला हो म्हटलं.

आत्मारामांची संस्था घरोघरी आजाऱ्यांची सेवा करणारी माणसं पाठवायची. त्यातली निम्मी उत्तर प्रदेशातली. आजारी म्हातारे मात्र मराठी, आणि दुखण्यात माणसाला आपलीच भाषा आठवते. तेव्हा बाईंनी मोबाइलवर ऐकून शिकता येतील असे मराठीचे धडे लिहायचे आणि आपल्याच आवाजात रेकॉर्ड करायचे, असं ठरलं. वाक्य ऐकवायचं, ‘आता माझ्यामागून म्हणा’ म्हणायचं, थोडं थांबायचं आणि पुढचं वाक्य घ्यायचं. बाईंना यात अवघड काहीच दिसलं नाही. तिथेच त्या चुकल्या.

गुरुवारी दुपारी आत्मारामांचा फोन आला. महिनाभर बाईंचे धडे ऐकणाऱ्या आणि पाली गावच्या लीलाधर कोळ्यांकडे ठेवलेल्या रामूला घरच्यांनी काढायचं ठरवलं होतं. लीलाधरांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. समज शाबूत होती, पण जीभ जड झाली होती आणि एक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. त्यांची मुलगी रुचिता सांगत होती की हा माणूस माझ्या बापाच्या अडखळत्या बोलण्याची नक्कल करतो. म्हाताऱ्याने सकाळी औषधाची वाटी त्याच्या अंगावर फेकली होती. मराठी येत नाही हे एक वेळ चालेल, पण हे नाही चालणार, असं ती म्हणाली होती.

बाईंना ते खरं वाटेना. रामू चाळिशीचा, खाली मान घालून काम करणारा गृहस्थ. त्यांनी त्याला घरी बोलावून घेतलं आणि आजोबांना काय म्हणालास ते जसंच्या तसं म्हण, असं सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला,

“आ... जो... बा. औ... षध. घे... ता... का.”

हा बाईंचाच आवाज होता. सव्वीस वर्षांचा शुद्धलेखनाचा आवाज, अक्षर तोडून, सूर सपाट ठेवून. अडखळत बोलणाऱ्या माणसासमोर असं बोललं तर तो चिडणार नाही तर काय करेल?

“मॅडम, आपने जैसा बोला, वैसा ही बोला मैं,” रामू म्हणाला. “कुछ गलत बोला क्या?”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच बाईंना जास्त लागलं. गावाकडे त्याच्या तीन मुलींची शाळा या नोकरीवर चालली होती. नकलाकार म्हणून एका घरातून निघाला की दुसऱ्या घरात त्याला कोण घेणार?

त्यांनी त्याच्यासमोरच रुचिताला फोन लावला आणि चूक माझी आहे म्हणून कबूल केलं. शिक्षकाला असं कबूल करायला किती कष्ट पडतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. रुचिता म्हणाली की रविवारी या आणि माझ्यासमोर त्याला बोलायला लावा. बाबा परत चिडले तर विषय संपला.

हातात दोन दिवस होते. बाईंनी जुनी संहिता पुढ्यात घेतली आणि लाल पेनाने स्वतःचेच कान उपटायला सुरुवात केली. सावकाश म्हणजे तुकडे नव्हेत. वाक्य अख्खं राहिलं पाहिजे, आईने झोपाळलेल्या मुलाला विचारावं तसं. स्वर लांबवायचे, पण शब्द एकमेकांचा हात सोडणार नाहीत, आणि प्रश्न असेल तर शेवटी सूर वर गेलाच पाहिजे. त्यांनी दहा वेळा म्हणून पाहिलं. आठ वेळा जीभ आपोआप शुद्धलेखनाकडे वळली. त्या घाबरल्या. मुरलेली सवय दोन दिवसांत सुटते का कुठे?

लांब वाक्य त्यांनी शेवटाकडून बांधायला घेतलं, म्हणजे शिकणाऱ्याचा सूर ढळत नाही. आधी ‘घेता का?’ मग ‘औषध घेता का?’ मग ‘आजोबा, औषध घेता का?’ प्रत्येकापुढे कंसात ‘थांबा’ लिहिलं आणि तीन सेकंद टाकले, कारण त्यांना स्वतःला म्हणायला तेवढेच लागत होते.

शुक्रवारी संध्याकाळी रामूला बसवून नवा धडा ऐकवला. तो तोंड उघडे आणि पुढचं वाक्य त्याच्यावर येऊन पडे. चौथ्या वाक्यानंतर त्याने प्रयत्नच सोडला आणि नुसता मान डोलवत राहिला. हा असाच महिनाभर गप्प बसून ऐकत असणार, हे बाईंना आत्ता कळलं. मोबाइलमधलं घड्याळ लावून त्यांनी मोजलं. ऐकून मनात जुळवायला त्याला दोन सेकंद लागत, म्हणायला चार. आपली जीभ प्रमाण धरून त्यांनी त्याला माप दिलं होतं. शरमेने त्यांचे कान तापले.

सगळे विराम त्यांनी खोडून सहा केले. त्यानंतर तेच वाक्य पुन्हा घातलं, म्हणजे आपलं बरोबर आलं का ते त्याला पडताळता येईल, आणि मग परत सहा. रेकॉर्ड करताना ते सहा सेकंद संपता संपत नव्हते. गप्प राहणं हाही शिकवण्याचा भाग आहे, हे बोलण्याची सवय असलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही. शनिवारी सकाळी धडा रामूच्या मोबाइलवर गेला. दिवसभर त्याचा निरोप आला नाही, आणि बाईंना जेवण गेलं नाही.

रविवारी उत्तनच्या बसने त्या पालीला पोचल्या तेव्हा गल्लीत दुचाक्यांतून वाट काढतानाही त्या ओठांतल्या ओठांत तेच वाक्य म्हणत होत्या. लीलाधर खाटेवर उशीला टेकून बसले होते. बाईंमागून आत आलेल्या रामूला बघताच त्यांनी तोंड फिरवलं. रुचिता दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली.

रामूने वाटी खाली ठेवली. खाटेशेजारी गुडघ्यांवर बसला, म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

“आजोबा, औषध घेता का?”

सावकाश आलं, पण अख्खं आलं. सूर शेवटी वर गेला. आणि मग रामू थांबला.

तो धड्यात शिकला होता तसाच थांबला. एक, दोन, तीन. म्हाताऱ्याचं तोंड हललं, आवाज आला नाही. रुचिता सवयीने पुढे झाली, “हो, घेतील, दे इक...” बाईंनी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं, की आपण परक्याच्या घरात आहोत हे त्या विसरल्या. चार. पाच. रामू त्यांच्याकडे बघत होता, घाई न करता. सहा झाले, सात झाले. बाईंना वाटलं, संपलं सगळं.

“न्हाय,” लीलाधर म्हणाले. मग पुन्हा दम घेऊन, एकेक शब्द ओढत, “आदी... चाय... पायजे.”

बाईंनी रुचिताचं मनगट सोडलं.

“चार महिने झाले,” ती म्हणाली, “बाबांनी मला एकदाही ‘नाही’ म्हटलं न्हाय. त्यांच्या आधी मीच हो म्हणून टाकायची.”

रामूला एवढं मराठी अजून पुरतं कळत नव्हतं. त्याने गोंधळून बाईंकडे बघितलं आणि मग म्हाताऱ्याकडे, आणि विचारलं, “चाय... पायजे?” लीलाधरांनी होकाराची मान हलवली. रुचिता डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली.