एकवीस दिवसांचा अर्ज

ऑफिसात तिला सगळे भोंगा म्हणत. विम्याच्या तक्रारींच्या फोनवर सहा वर्षं बसलेली. समोरचा कितीही तापला तरी हिचा आवाज त्याच्या वरचढ. पण वर्षभर त्याच घशाने तिला छळलं होतं. दर महिन्याला टॉन्सिल सुजायचे, ताप यायचा, रजा जायची. आता आजारपणाच्या जेमतेम चार रजा उरल्या होत्या आणि सोमवारी टॉन्सिल काढायचे ठरले होते.

डॉक्टरांनी चिठ्ठीत साफ लिहिलं होतं: ऑपरेशननंतर चौदा दिवस घरीच. पहिले चार दिवस पूर्ण विश्रांती, मग झेपेल तसं बैठं काम, बोलणं कमीत कमी. पाचव्या ते दहाव्या दिवसांत रक्त येण्याची भीती जास्त, म्हणून प्रवास नको. आणि हिचा बसचा प्रवास तासाभराचा.

"चौदा लिहू नकोस, एकवीस लिही," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "साहेब कापणारच. निम्मे केले तरी धोक्याचे दहा दिवस निघतील."

साहेबांची ती खोडच होती. कुणी काहीही मागो, लाल पेन उचलून आकडा निम्मा. म्हणून सगळे वाढवून मागत. हिलाही ते पटलं. तिने घरून काम करण्यासाठी एकवीस दिवस मागितले आणि शहाणीने डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत टाचली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले होते.

"डॉक्टर चौदा म्हणतात. तुम्ही एकवीस?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखऱ्या घशातून आवाज कसाबसा निघाला. "सर, खोटं लिहिलं, चुकलं माझं. पण तुम्ही निम्मे करता. चौदाचे सात झाले तर आठव्या दिवशी मला बसमध्ये चढावं लागेल. बसमध्येच रक्त आलं तर? मला भीती वाटते हो."

साहेबांनी पेन उचललं. तिने मान खाली घातली. पण त्यांनी एकवीस खोडून चौदा लिहिलं. "चार दिवस आजारपणाची रजा. पुढचे दहा दिवस घरून लेखी तक्रारींना उत्तरं द्या. फोन मैत्रिणीकडे."

तिचे डोळे भरून आले. ती दाराशी पोचली तेव्हा साहेबांनी हाक मारली.

"सगळेच वाढवून लिहितात?"

"फाइलवाले काका सोडून, सर."

काका दोन आठवड्यांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, आठ दिवस मागितले होते. चार मिळाले. पाचव्या दिवशी ते काळा चष्मा लावून, डोळा गळत असताना, फाइली लावत होते.

साहेब केबिनच्या काचेपलीकडे बघत राहिले. काका एक फाइल नाकाशी धरून तिच्यावरचा नंबर वाचत होते. साहेबांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि उठून स्वतःच काकांकडे गेले.