माभेलेची भिंत

माभेले आमच्या शाळेत गणित शिकवायची. खरं नाव थोझामा, पण एन्कोबोच्या आमच्या डोंगरांत लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या कुळावरूनच हाक मारतात. मी भूगोल शिकवतो. ती मला सगळ्यांदेखत ‘भूगोल’च म्हणायची. “भूगोल, नद्या कुठून कुठे जातात ते पोरांकडून पाठ करून घे. माझ्या प्रमेयांना कारण लागतं,” असा टोमणा मारल्याशिवाय तिचा चहा संपत नसे.

बारावीच्या वर्गाची मागची भिंत तिने रंगवली, तेव्हा शिडी मीच धरली होती. भूमितीची जेवढी प्रमेयं बोर्डाला लागतात त्या सगळ्यांच्या चौकटी, आणि कोणतं कोणाच्या जिवावर उभं आहे हे सांगणारे बाण. वर रेषा आणि त्रिकोणाची साधी सत्यं, खाली वर्तुळाची प्रमेयं, तळाशी समरूप त्रिकोण. नियम एकच. बाण वरून खाली यायचा. खालच्याने वरच्याचा आधार घ्यायचा, वरच्याने खालच्याचा कधीच नाही. “पोरगा बापाच्या लग्नाला साक्षीदार राहू शकत नाही,” असं ती वर्गात सांगायची आणि पोरं खो खो हसायची.

भिंतीच्या मधोमध खिडकी होती. डावीकडे ‘केंद्राशी होणारा कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट’ ही मोठी चौकट होती आणि तिच्याखाली तिच्यातूनच निघालेली ‘एकाच वर्तुळखंडातले कोन समान’ ही चौकट. हे दुसरं प्रमेय उदाहरणं सोडवताना उठसूट लागतं. उजवीकडच्या पोरांना खिडकीच्या झगझगाटामुळे पलीकडचं दिसायचं नाही, म्हणून माभेलेने ती चौकट उजवीकडे वरच्या बाजूला पुन्हा एकदा रंगवली. सोयीसाठी. या दुसऱ्या चौकटीत येणारा बाण मात्र रंगवलाच नाही. मला त्यात काय कळणार? मी रंगाचा डबा धरून उभा होतो.

नोव्हेंबरात बोर्डाच्या परीक्षेला पाच गुणांची सिद्धता आली ती नेमकी केंद्रकोनाची. तेवीस पोरांनी ती एकाच तऱ्हेने लिहिली. परिघावरचा बिंदू सरकवत व्यासाच्या टोकाशी न्यायचा. एकाच वर्तुळखंडातले कोन समान, म्हणून कोन बदलत नाही. आता दोन त्रिज्यांचा समद्विभुज त्रिकोण तयार होतो आणि त्याचा बाह्यकोन दुप्पट येतो. चार ओळींत काम फत्ते. पुस्तकात ही सिद्धता नाही. पुस्तकातली लांब आहे, तिच्यात पोरं हमखास अडखळतात. ही माभेलेने स्वतः बसवली होती.

तपासणाऱ्यांना तेवीस पेपरांत बिंदूंना तीच अक्षरं, तेच शब्द दिसले. सामूहिक कॉपीचा शेरा पडला. जानेवारीत सगळ्या प्रांताचे निकाल लागले, आमच्या पोरांच्या नावापुढे मात्र ‘राखून ठेवला’. कॉपी सिद्ध झाली तर निकाल रद्द आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी. आयाबाया फाटकाशी येऊन बसायच्या. एकीने माझ्यादेखत माभेलेच्या पायाशी थुंकून विचारलं, “फळ्यावर उत्तर लिहून दिलंस का गं त्यांना?” माभेले तिच्या बाजूने वाट काढून वर्गावर गेली. मला मात्र त्या बाईचा असा संताप आला की विचारू नका.

सगळ्यांत जास्त टांगणीला लागली होती झुकिस्वा. आजोबांच्या पेन्शनवर वाढलेली, बोलणं कमी. अभियांत्रिकीची जागा तिला मिळाली होती, अट एकच, गणितात साठ टक्के. फेब्रुवारीच्या मध्याला प्रवेश बंद होणार होते.

चौकशीला बोर्डाकडून न्त्शिंगा साहेब आले. पूर्वी स्वतः गणिताचे मास्तर. माभेले त्यांना थेट भिंतीपाशी घेऊन गेली. झुकिस्वा आणि आणखी चार पोरं दाराशी उभी होती, मुख्याध्यापक घाम पुसत होते.

“ही बघा साहेब. पोरांनी एकमेकांचं नाही पाहिलं, वर्षभर हे पाहिलंय. तेवीसच्या तेवीस जणांकडून मीच घोकून घेतलंय.”

“बरं. कॉपी नाही, मान्य करतो,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चांगल्या माणसाचा होता, उगाच खोटं कशाला सांगू.

तिथेच थांबायचं ना! पण माभेलेला पुरा न्याय हवा होता. “नुसतं मान्य करून चालणार नाही. पाचपैकी पाच द्यायला लावा. वेगळी पद्धत तर्काला धरून असेल तर गुण द्यायचे, हा तुमचाच नियम आहे.”

“तर्काला धरून असेल तर,” साहेब म्हणाले. “दाखवा.”

तिने छडी घेतली आणि केंद्रकोनाच्या चौकटीवरून एकेक बाण मागे नेऊ लागली. “हा बाह्यकोन, तो आला त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेतून. ती समांतर रेषांतून. हा समद्विभुज, तो एकरूपतेतून. आणि हे एकाच वर्तुळखंडातले कोन.” छडी खिडकीच्या उजवीकडे वर गेली.

“ते कुठून आलं?” साहेबांनी हळूच विचारलं.

“ते येतं…” छडी त्या चौकटीभोवती फिरली. आत येणारा बाण नव्हता. ती खिडकी ओलांडून डावीकडे आली, तिथल्या त्याच नावाच्या चौकटीवर छडी टेकवली, आणि तिथून बाणाच्या शेपटाकडे वर गेली. वर केंद्रकोनच होता.

मला भूमिती येत नाही, पण निघालो तिथेच परत आलो एवढं मलाही कळलं.

“पर्यायी मार्ग आहे ना काही?” मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले. “दुसऱ्या कशावरून तरी येत असेल ते. माभेले, सांग की.”

तिला सहज काहीतरी ठोकून देता आलं असतं. ती म्हणाली, “जे सिद्ध करायचं होतं तेच पोरं धरून चालली. शून्य. चूक माझी आहे, साहेब. तसं लिहा.”

साहेबांनी लिहिलं. त्यामुळेच पोरं सुटली, कारण एवढी चमत्कारिक चूक तेवीस जणांना एकाच ठिकाणाहून मिळाली होती याचा तो पुरावाच होता. कॉपीचा डाग गेला, निकाल लागले. सिद्धतेचे शून्य गुण मात्र तसेच राहिले. बहुतेकांना त्याने फरक पडला नाही. झुकिस्वाला एकोणसाठ टक्के पडले.

विद्यापीठाला मी स्वतः तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, नियम सर्वांना सारखे.

मार्चमध्ये झुकिस्वा दाखला न्यायला आली. एन्कोबोच्या दुकानात गल्ल्यावर लागली होती, दुकानाचा हिरवा सदरा अंगात. माभेले आणि मी स्टाफरूममध्ये अमाग्विन्या, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, खात बसलो होतो. माभेले उठून उभी राहिली. आठवडाभर मनात घोळवलेलं एका दमात बोलली, “पोरी, माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं. मला माफ कर.”

झुकिस्वा बुटांकडे बघत होती. “मिस, मला दिसलं होतं ते.”

“काय दिसलं होतं?”

“ती चौकट दोनदा आहे ते. आणि गोल फिरून परत तिथेच येतं ते. सप्टेंबरातच.”

माभेलेचा आवाज चढला. “मग बोलली का नाहीस? पेपरात पुस्तकातली लिहायचीस! तुला येत होती ना ती?”

“येत होती.”

“मग?”

“तुम्ही रंगवलं होतं, मिस,” झुकिस्वा म्हणाली. “मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकतंय.”

दुपारपाळी चुकेल म्हणून ती दाखला घेऊन लगेच गेली. माभेले ताटलीपुढे बसली आणि तोंडावर शाल ओढून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हा तिचा वर्ग मी घेतला. पोरांनी विचारलं, “मिस कुठायत?” मी म्हटलं, नकाशाची वही काढा.