नाल्यापलीकडची चिठ्ठी

लिही बेटा, पितांबर सरांचं लिही. माणूस नशिराबादचा. धुळ्याला मास्तरांच्या प्रशिक्षणाचं केंद्र होतं ना, तिथं मी स्वयंपाकाला. आणि प्रशिक्षण संपलं की त्याचं काय झालं, काय नाही, तो अहवाल सर केंद्राच्या साहेबासाठी लिहायचे. अठ्ठ्याऐंशी साल असेल. चाळीस मास्तर दहा दिवस माझ्या हातचं जेवले. चित्रांच्या कार्डांवरून पोरांना वाचायला शिकवायचं, ते शिकायला आलेले.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म भरले. चाळीसच्या चाळीस 'उत्तम'! सर म्हणाले, "अक्का, खाली नाव लिहायचं म्हटल्यावर वाईट कोण लिहील? तुमचा तेलाचा रिकामा डबा द्या." डबा ठेवला चुलीपाशी. बिननावाची चिठ्ठी टाका म्हणाले.

सातपुड्याकडचा वेस्ता मास्तर चिठ्ठी घेऊन उभाच. "अक्का, साहेबले समजी जाई तं?"

"टाक रे भाऊ. डबाले काय डोया शेतस?"

टाकली त्यानं, डब्याला डोळे नाहीत म्हणून.

तीन महिन्यांनी सर दहा शाळांत जाऊन वर्गात मागे बसून आले. अहवाल लिहिला तो आधी मला वाचून दाखवला. "तुम्हाला कळला तर साहेबाला कळेल." हजेरी पूर्ण. मास्तरांना पहिल्या दिवशी परीक्षेत पंचवीसपैकी सरासरी अकरा मार्क, शेवटी एकोणीस. पण कार्डं वर्गात वापरात दिसली दहातल्या तीनच शाळांत. म्हणजे मास्तर शिकले, पोरांपर्यंत पोहोचलं नाही. का? तर खाली चिठ्ठीतले शब्द, जसेच्या तसे: 'नाल्यापलीकडची माझी पोरं पावरी बोलतात. कार्डावरचा मराठी शब्द त्यांना कळत नाही. मी कार्ड धरून नुसता उभा राहतो.' मग शिफारशी. पावरी शब्दांची कार्डं करा. दर महिन्याला कोणीतरी वर्गात जाऊन मास्तराला मदत करा.

मी हसले. "आय वं, हाऊ तं वेस्ता बोली ऱ्हायना!"

सरही हसले. "म्हणून तर एक शब्द बदलला नाही."

कसं सुचलं नाही रे आम्हाला?

साहेबाला सुचलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा बोलत होता, "नाल्यापलीकडे शाळा एकच आहे, पितांबर. हा नुसता उभा राहतो? वर केंद्राची बदनामी!"

"साहेब, दोष त्याचा नाही. प्रशिक्षणात राहिलं ते."

"तुमच्याच कागदावर त्यानं कबूल केलंय."

वेस्ताला उचलून साक्रीकडे टाकलं. जाताना भेटायला आला. डब्याकडे पाहिलं नुसतं. त्यात मी तूरडाळ भरलेली.

आणि ऐक, दर महिन्याच्या भेटीची शिफारस मंजूर झाली बरं! पहिल्या भेटीला माणूस गेला, तर शाळेला कुलूप. नवा मास्तर नाला ओलांडून आलाच नव्हता.

पुढं दर अहवाल सर मला वाचून दाखवायचे. "अक्का, कोण ओळखू येतंय?" मी नाव घेतलं की ती ओळ खोडायचे. हसायचे मात्र नाहीत.