परताव्याचं पत्र, भलत्याच साहेबांना

आयकराचा परतावा मिळावा म्हणून मी दीड वर्षं पुण्यातल्या एका आयकर अधिकाऱ्याला पत्रं लिहीत होतो, आणि फाईल त्यांच्याकडे नव्हतीच. परतावा बायकोचा होता. सिंगापूरला आल्यावर तिने पुण्यातला फ्लॅट विकला, तेव्हा ती अनिवासी म्हणून घेणाऱ्याने बराच जास्त कर कापला होता. त्या पैशांवाचून तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अडलं होतं.

मी पडलो बँकेतला माणूस, त्यामुळे पत्रं फार देखणी असत. शेवटी ऑनलाइन तक्रार नोंदवली. उत्तर आलं की अनिवासींची प्रकरणं आंतरराष्ट्रीय कर विभागाचे अधिकारी बघतात, फाईल तिकडे गेली आहे.

सिंगापुरातल्या आमच्या हौगांगच्या घरात जेवणाच्या टेबलावर बायको म्हणाली, "सरका. साहित्यसेवा पुरे झाली."

तिने वर त्या विभागाच्या अधिकाऱ्याचं पद लिहिलं. खाली पॅन, कर-निर्धारण वर्ष, विवरणपत्राच्या पोचपावतीचा क्रमांक, तक्रारीचा क्रमांक आणि वेबसाइटवरची स्थिती: परतावा अजून निश्चित नाही. सोबत करकपातीचं प्रमाणपत्र जोडलं. एक प्रत वरच्या आयुक्तांना.

"शेवटी 'आपली कृपाभिलाषी' घालायचं का?" मी विचारलं.

"सही घालते."

दोन महिन्यांनी पैसे तिच्या पुण्याच्या खात्यात जमा झाले. तिने लगेच आईला फोन करून ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हॉस्पिटलशी मी बोलते. तुम्ही विमानाची तिकिटं बघा. पण पैसे भरण्याआधी मला दाखवा."