चालू इंजिनांची मोजणी

ज्या माणसाचं काम नीट झालं की पुन्हा त्याची गरज पडत नाही, त्याचं काम मोजायचं कसं? या प्रश्नानं माझं एक अख्खं वर्ष खाल्लं. मी तेव्हा अमरावतीला ऑइल इंजिनं विकणाऱ्या एका पेढीच्या शाखेत सर्व्हिस-कारकून होतो. तक्रारीची पत्रं उघडायची, मिस्त्रीला गावोगाव पाठवायचं, त्यानं आणलेली जॉब-कार्डं तारीखवार लावायची, हे माझं काम. मुख्य पेढी अकोल्याला होती.

एका एप्रिलात अकोल्याहून छापील फॉर्म आले. धाकटे शेठ मुंबईहून काहीतरी शिकून आले होते. प्रत्येक नोकराचं वर्षाचं उद्दिष्ट लिहायचं, आणि ते आकड्यातच हवं. आमचा मिस्त्री तीन वर्षांपासून हंगामी होता. त्याच्या फॉर्मवर शेठनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘उद्दिष्ट पुरे झाल्यास कायम करावे, अन्यथा कामावरून कमी करावे.’

मला आकड्यांची भीती कधीच नव्हती. मागच्या वर्षीची कार्डं मोजली, दोनशे बारा भरली. मी लिहिलं, वर्षाला दोनशे चाळीस तक्रारी निपटाव्यात, म्हणजे महिन्याला वीस. मिस्त्रीनं वाचून सही केली आणि म्हणाला, ‘‘म्हंजे इंजिनं बंद पडली पायजेत म्हना.’’

मी हसलो. हसायला नको होतं.

जूनअखेर साठ हवी होती, त्याची एकेचाळीस कार्डं झाली. त्याच वेळी अकोल्याच्या मिस्त्रीची त्र्याऐंशी झाल्याचं शेठनी कळवलं, आणि खाली लिहिलं, ‘खुलासा करावा.’ माझं चित्त थाऱ्यावर राहिना. हा माणूस सकाळच्या पहिल्या एस.टी.नं जायचा, अंधार पडल्यावर परतायचा. मग वेळ कुठे जात होता?

एक दिवस त्याच्यासोबत चांदूर बाजारकडे गेलो. संत्र्याच्या बागेतलं एक इंजिन धूर ओकत होतं. त्यानं नोझल उघडून साफ केलं, अर्ध्या तासात इंजिन ठीक झालं. पण तो हलेना. बागवाल्याला डिझेलचा ड्रम दाखवायला लावला. ‘‘असं ढवळून ओतता काहून? रातभर निवळू द्या, तळचं घ्याचं नाई. अन् हे फडकं लावून गाळा.’’ बागवाल्याकडून त्यानं तीनदा करून घेतलं. दोन तास त्यातच गेले. परतताना वाटेवरच्या एका विहिरीपाशी थांबला, इंजिनाचा आवाज ऐकला, एक नट आवळला आणि निघाला. तिथली तक्रार नव्हती, म्हणून कार्डही नव्हतं.

‘‘हे कुठे लिहायचं?’’ मी विचारलं.

‘‘लिवाचं काहून, बाबूजी? थे बंद पडलं नाई ना.’’

परतल्यावर मी अकोल्याहून त्यांच्या कार्डांची यादी मागवली आणि दोन्ही ठिकाणची कार्डं तारखेऐवजी इंजिनाच्या नंबरावर लावली. इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. आमच्या मिस्त्रीची एकेचाळीस कार्डं अडतीस इंजिनांची होती. अकोल्याची त्र्याऐंशी कार्डं सेहेचाळीस इंजिनांची होती, त्यातलं एक सात वेळा आलेलं. सगळा दोष त्या मिस्त्रीचा असेलच असं नाही. काही इंजिनं जुनाट असतात. पण माझं उद्दिष्ट उलटं होतं, एवढं नक्की. जो काम चांगलं करील तो मागे पडणार.

जुलैत मी अकोल्याला गेलो आणि शेठना सांगितलं, चूक माझी आहे. नवा मजकूर सोबत नेला होता. दुरुस्तीनंतर तीस दिवसांत त्याच दोषानं इंजिन बंद पडू नये, शंभरात नव्वद तरी टिकावीत.

‘‘वर्षाच्या मधे उद्दिष्ट बदललं तर ते उद्दिष्ट कसलं?’’ शेठ म्हणाले.

‘‘चुकीच्या फुटपट्टीनं वर्षभर मोजलं तरी माप चुकीचंच येईल.’’

त्यांनी बराच वेळ यादी पाहिली. सात वेळा आलेल्या इंजिनावर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘‘बदला. पण प्रत्येक इंजिनाचा पुरावा पाहिजे. तुमचा अंदाज नको.’’

मी खुशीत मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बाबूजी, मी इंजिनाच्या मालकाले म्हनलं, तकरार पेढीत धाडू नको, मले बजारात भेट, तं तुमाले काय समजते?’’

स्वतःच्या नुकसानीची वाट त्यानंच दाखवली होती. म्हणून मी टपालाच्या जवाबी कार्डांचा उपाय काढला. दुरुस्तीला तीस दिवस झाले की मालकाला कार्ड जायचं. उत्तराच्या अर्ध्या भागावर दोनच शब्द, ‘चालू’ आणि ‘बंद’. एकावर खूण करायची, पेटीत टाकायचं. आणि नियम मी स्वतःच लिहिला, जे कार्ड परत येणार नाही ते इंजिन चालू धरायचं नाही.

ऑगस्ट ते जानेवारी शहाण्णव दुरुस्त्या झाल्या. मार्चच्या सुरुवातीला अठ्ठ्याहत्तर कार्डं परत आली होती, पंच्याहत्तर चालू आणि तीन बंद. नव्वद टक्क्यांना सत्त्याऐंशी हवी होती, म्हणजे बारा कमी. न आलेल्या अठरांपैकी चौदा डोंगरातल्या धारणीकडची, बहुतेक पिठाच्या गिरण्यांची. मी बेरीज रोज करायचो, जणू रोज केल्यानं वाढेल. माझाच नियम त्याच्या पोटावर पाय देणार होता, आणि नियम मोडावा असंही वाटेना.

शेवटी चार दिवसांची रजा टाकली. मिस्त्री म्हणाला, ‘‘मी येतो.’’ मी नको म्हणालो. ज्याचं काम तपासायचं तो सोबत नको. घरी बायको म्हणाली, ‘‘पोरांच्या मामाच्या गावी जायले रजा नाही, आन् इंजिनं मोजायले आहे.’’ डबा मात्र तिनं दोन वेळचा दिला.

घाटातून एस.टी., पुढे जीप, नाहीतर पायी. इंजिनाचा नंबर स्वतः वाचायचा, चालू पाहायचं, मालकाची सही किंवा अंगठा घ्यायचा. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा चालू निघाली, एक त्याच दोषानं बंद. ते बंद असंच लिहिलं. दोन उरली होती.

तेराव्या गिरणीचं दार लोटलेलं, आत शांतता. गिरणीवाला मागून आला.

‘‘बंद आहे?’’ मी विचारलं.

‘‘दळन नाई आज. बजार उद्या हाये.’’ त्यानं हँडल फिरवलं. इंजिन लागलं.

‘‘मग कार्ड का नाही पाठवलं?’’

त्यानं पिठाच्या डब्यामागून कार्ड काढलं. घडी घातलेलं, कोरं. ‘‘चालू हाये, त्याचं काय लिवाव?’’

चौदावंही चालू निघालं. शहाण्णवात अठ्ठ्याऐंशी. बाकीची चार मी मोजली नाहीत. मिस्त्रीला सगळी हकीकत सांगितली, कागद अकोल्याला गेले. एप्रिलात मिस्त्रीला कायम केल्याचं पत्र आलं आणि मीच ते त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं, खिशात ठेवलं आणि विचारलं, ‘‘त्या तेराव्या गिरनीवाल्यानं हँडल किती डाव मारलं?’’

‘‘एकदा.’’

‘‘दोनदा मारा लागलं असतं तं मले पुन्हा जा लागलं असतं,’’ तो म्हणाला, आणि त्या दिवसाची तक्रार मागू लागला.