होसियत ओपाची दुसरी भिशी

मार्गिलान शहरातल्या आमच्या गल्लीत होसियत ओपाच्या गोधड्यांशिवाय एकाही मुलीची पाठवणी झालेली नाही. माझ्या सासरी गेलेल्या गाद्याही तिच्याच हातच्या. ओपा म्हणजे थोरली बहीण, पण हिला तर माझी आईसुद्धा ओपाच म्हणायची. जन्मभर जमिनीवर गुडघे टेकून टाके घातले आणि शेवटी गुडघ्यांनीच दगा दिला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर बसून राहा.

आता बसून कोण राहील? ही तर मुळीच नाही! फोनवर कुणा कमिलाचा निरोप आला, घरबसल्या काम आहे.

"अगं सनोबर, दुकानांची चित्रं बघायची न् खालचा लाल बदाम दाबायचा, झालं!"

"ओपा, फुकट कोण कुणाला देतं?"

"फुकट कुठे? काम करते की मी!"

आणि खरंच तिच्या कार्डावर तीस हजार सोम आले, आमच्याकडे पाव-अर्धा किलो मटणाचे पैसे. त्याचं मटण आणून तिने पुलाव केला. मीही बोटं चाटून खाल्ला, खोटं कशाला बोलू?

मग मोठं काम आलं. त्याला आधी स्वतःचे पैसे भरायचे, काम झालं की वाढून परत. दोन लाख भरले, संध्याकाळी दोन लाख साठ हजार आले. मग तर तिचा पायच जमिनीवर ठरेना, दुखरा असून! त्यानंतर कमिलाने तिला फोनवरच चौघींच्या गटात घातलं. नियम असा की चौघींनी मिळून कामं पुरी करायची. एकीने मध्येच सोडलं तर चौघींचे पैसे अडकणार. दर कामाला रक्कम वाढायची. पडद्यावर आकडा फुगत चालला होता, पण काढायला गेलं की उत्तर ठरलेलं, अजून एक काम बाकी आहे.

आमच्या भिशीत त्या महिन्याची पाळी आम्ही मुद्दाम ओपाला दिली होती, गुडघ्यांसाठी. पैसे कार्डावर होते. दवाखान्याची तारीखही ठरली होती.

मी तिच्याकडे चहाला बसले होते, तेव्हा फोनवर एक रडका आवाज आला. गटातली मदीना. "ओपाजान, माझं बाळ दवाखान्यात आहे हो. तुम्ही भरलं नाही म्हणून माझेही पैसे अडकलेत. पाया पडते!"

माझं डोकंच फिरलं. "बंद कर तो फोन! दर वेळी वेगळ्याच माणसाच्या कार्डावर पैसे मागतात, हे तुला दिसत नाही? चोर आहेत मेले!"

ओपा शांतपणे म्हणाली, "आपल्या भिशीत पाळी घेऊन कुणी मध्येच हात आखडला, तर तू काय करशील?"

"दारात जाऊन तमाशा करीन."

"मग? मी त्या पोरीला तोंडघशी पाडू?"

"अगं, आपल्या भिशीतल्या बायका आपण पाहिल्यात! हिला पाहिलंस कधी?"

"आवाज ऐकला ना. बाळ रडत होतं मागे."

मी फोन हिसकायला गेले. तिने तो पोलक्यात घातला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या बाईला कसं अडवायचं, सांगा! दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तिने भिशीचे सगळे पैसे पाठवून दिले होते.

तेवढ्यावर भागलं का? पैसे सोडवायला आता कर भरा म्हणे. ती माझ्याकडे उसने मागायला आली, तशी मी तिला दंडाला धरून पोलिसांकडे नेलं. चौकीत पोचलो तोवर गट गायब, निरोप पुसलेले, कमिला नाही न् मदीना नाही.

अधिकारी भला होता, त्याने चहा दिला. काही दिवसांनी बोलावून सांगितलं, शेवटचे पैसे गेले ते कार्ड नमनगानच्या एका विद्यार्थ्याचं. त्याने ते चार पैशांसाठी विकलं होतं. पैसे आले तसे पुढे गेले.

"परत मिळतील?" मी विचारलं.

त्याने फाईल मिटली न् माझ्या कपात आणखी चहा ओतला.

भिशीच्या बायकांनी चडफडत का होईना, सांभाळून घेतलं. पण ओपाची पाळी आता लवकर येणार नाही, न् तिचे हप्ते मात्र चालूच राहणार. ऑपरेशन राहिलंच. तिला कितीदा समजावलं, मदीना नावाची कुणी नव्हतीच, ते रडणंही नाटक होतं. ती मान डोलावते.

परवा गेले तर ही जमिनीवर, त्याच गुडघ्यांवर, ओठ दाबून कळा सोसत टाके घालत होती. पाळण्यात मावेल एवढी गोधडी, निळी.

"आता ही कुणाची ऑर्डर?"

तिने वर पाहिलं नाही. "त्या पोरीचं बाळ बरं झालं असेल गं एव्हाना?"

उठताना तिने हात पुढे केला. तिला उभं करायला मला दोन्ही हात लावावे लागले.